डायरीतून कविता: खोडत जावे की वही मिटून लिहावे?

डायरीतल्या एखाद्या नोंदीची छोटी मुक्तछंद कविता करायची, तर दोन मार्ग समोर येतात. पहिल्यात नोंद दुसऱ्या कागदावर उतरवून तिच्यातले स्पष्टीकरण खोडत जायचे आणि जे उरेल तेच ओळींत मांडायचे. दुसऱ्यात वही मिटून ठेवायची, काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग डोळ्यांपुढे जे उभे राहील तेवढेच लिहायचे. नोंदीची वाक्ये जशीच्या तशी ठेवून त्यांचे नुसते तुकडे पाडणे हा तिसरा प्रकार सर्रास आढळतो, परंतु त्यात स्पष्टीकरण शाबूत राहते, त्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही. दोन्ही मार्ग मी एकाच नोंदीवर वापरून पाहिले. नोंद बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरातली, पावसाळ्यातली आहे.

"आज सकाळपासून पाऊस. बाबांनी शेवटी सर्जाला विकलं, कारण जोडीचा बैल गेल्यावर एकटा ठेवून उपयोग नव्हता आणि चिखलणीला आता पॉवर टिलर मिळतो. मला फार वाईट वाटलं. बाजारात व्यापाऱ्याने टॉवेलखाली बाबांचा हात धरला आणि बोटं दाबून भाव केला. तो कानडीत बोलत होता, बाबा मराठीत. शेवटी बाबाच म्हणाले, 'साकु', म्हणजे पुरे. त्यांना खूप दुःख झालं असावं. येताना बसमध्ये त्यांच्या मांडीवर ओलं दावं होतं. रात्री आईने सवयीने आंबोण भिजत घातलं आणि लक्षात आल्यावर बादली तशीच ठेवली. आयुष्यात सगळंच सोडावं लागतं."

खोडण्याच्या मार्गात पहिली फेरी सोपी असते. जे दिसते, ऐकू येते किंवा हाताला लागते त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि भावनेचे नाव घेणारी वाक्ये काढून टाकायची. येथे 'फार वाईट वाटलं', 'दुःख झालं असावं' आणि शेवटचे वाक्य अशी तीन वाक्ये लगेच गेली. दुसऱ्या फेरीत 'कारण', 'म्हणून', 'म्हणजे', 'सवयीने', 'शेवटी' असे शब्द शोधायचे, कारण मराठीत स्पष्टीकरण बहुधा अशाच शब्दांचा हात धरून येते. 'सवयीने' हा एकच शब्द काढला आणि आंबोणाच्या, म्हणजे बैलाच्या भिजवलेल्या खाद्याच्या, ओळीत एकदम बळ आले, कारण आता आईची सवय वाचकाला स्वतः ओळखावी लागते. 'शेवटी' मात्र मी ठेवला, कारण तो भावना सांगत नाही. घासाघीस बराच वेळ चालली, हे तो सांगतो. 'साकु'चा अर्थ सांगणारे शब्दही खोडले. बेळगाव परिसरातल्या वाचकाला त्यांची गरज नाही, आणि दिवसभर मराठीत बोलणारा माणूस सौदा तोडताना समोरच्याच्या भाषेत बोलला, ही गोष्ट अर्थ सांगितला की झाकली जाते. पुण्याच्या नियतकालिकाकडे कविता पाठवताना मनात शंका येईल, पण अर्थ तळटीपेत देता येतो. ओळीत तो घेऊ नये.

उरले ते असे:

टॉवेलखाली व्यापाऱ्याची बोटं,
बाबांची बोटं.
तो कानडीत, बाबा मराठीत.
शेवटी बाबाच म्हणाले,
"साकु."

बसमध्ये मांडीवर
ओलं दावं.

रात्री आईने
आंबोण भिजत घातलं.

या मार्गाचा मोठा धोका म्हणजे जास्त खोडले जाणे, आणि तो लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात सगळी हकीकत असते. नोंद न वाचलेल्या माणसाला कविता द्यावी आणि 'कशी वाटली' असे न विचारता 'काय घडले' एवढेच विचारावे. माझ्या शहरात वाढलेल्या मावसबहिणीने "गाय मेली का गं तुमची?" असे विचारले. म्हणजे मी स्पष्टीकरणाबरोबर माहितीही खोडली होती. कशामुळे विकला हे कवितेला नको होते, पण बैल विकला एवढे हवेच होते. ते ओळीत घातले असते तर पहिल्या कडव्यातली टॉवेलखालची गुप्तता गेली असती, म्हणून ते शीर्षकाकडे सोपवले: 'सर्जा विकला त्या दिवशी'. माहिती शीर्षकात ठेवली की ओळींना कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

आई बादली तशीच ठेवते हे वाक्य काढताना मी बराच वेळ अडखळले. तेही चित्रच आहे, परंतु ते आधीच्या चित्राचा अर्थ सांगते, म्हणून गेले. याविषयी माझ्याशी कोणी भांडले तर मी फार ताणणार नाही.

आता दुसरा मार्ग. आठ दिवसांनी वही न उघडता लिहिले, तेव्हा बाजार, टॉवेल, बस यांतले काहीच आले नाही. आले ते हे:

दावणीत एक खुंटा.
त्याच्याभोवती जमीन
खुरांनी गुळगुळीत.
पाऊस आत येत नाही,
तरी तिथं पाणी साचलंय.

पहिल्या तीन ओळी नोंदीत कुठेच नव्हत्या आणि खोडून खोडून त्या कधीच मिळाल्या नसत्या, हा या मार्गाचा खरा लाभ आहे. लयही येथे अधिक मोकळी आहे, कारण डायरीतली 'होतं', 'होता' ही क्रियापदे मागून ओढत येत नाहीत. पण शेवटच्या दोन ओळी पाहाव्यात. आमचा गोठा गळत नाही. तिथे पाणी नव्हतेच; रडण्याविषयी बोलायचे होते म्हणून आठवणीने ते तिथे ओतले. 'वाईट वाटलं' हेच वाक्य चित्राचा वेष घालून परत आले होते. असे चित्र ओळखायचे तर ते कोणत्याही दुःखाच्या कवितेत तसेच चालेल का, हे पाहावे. साचलेले पाणी कुठेही चालेल, खुरांनी गुळगुळीत झालेली जमीन चालणार नाही. खोडण्याच्या मार्गात ही फसवणूक क्वचित होते, कारण नोंद त्याच रात्री लिहिलेली असते आणि तिच्यात नसलेली वस्तू कवितेत शिरू शकत नाही.

खुंट्याच्या तीन ओळी पहिल्या कवितेच्या शेवटी जोडण्याचा मोह मला झाला. जोडून पाहिल्यावर आंबोणाची ओळ निस्तेज झाली, म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवल्या.

निवड करणाऱ्याने आधी आपली नोंद पाहावी. रेघ ओढण्याजोग्या चार-पाच वस्तू किंवा हालचाली पानावर असतील, तर खोडण्याचाच मार्ग घ्यावा. नवख्याने तर निश्चितच घ्यावा. माझ्या डायरीत अशीही पाने आहेत ज्यांत 'कंटाळा', 'एकटेपणा', 'कोणी समजून घेत नाही' याखेरीज काही नाही. तिथे खोडत गेल्यास कोरा कागद उरतो, तेव्हा वही मिटून त्या दिवशी हात कशाला लागला होता हे आठवण्यावाचून पर्याय नसतो.

कविता कुठे जाणार यानेही फरक पडतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतल्या संमेलनांत कविता एकदाच कानावर पडते आणि खोडून झालेली नऊ ओळींची कविता लोक सावरून बसण्याआधीच संपते. तिथे शीर्षक सावकाश सांगावे आणि 'साकु'नंतर थांबावे. छापायची असेल तर हे काम मोकळ्या ओळीच करतात. मी मासिकाकडे बाजाराची कविता पाठवली, आणि खुंट्याच्या तीन ओळी अजून वहीतच आहेत.