"दादा, इंटिमेशन मी टाकतो" आणि माझा 1,46,800 चा क्लेम उडाला

लिहायला लाज वाटतेय, कारण ऑफिसात सगळ्यांना पॉलिसी वाचून दाखवणारा माणूस म्हणजे मी. तरी लिहितोय, कारण काल शेजारच्यांची गाडी ठोकली आणि त्यांनी पहिला फोन विमा कंपनीला नाही, एजंटलाच लावला.

9 जून 2024, रविवार, रात्री साडेदहा. माझा मेहुणा माझी गाडी घेऊन पुणे-नाशिक हायवेवरून येत होता, मागून ट्रक अंगावर आला म्हणून डावीकडे घेतली आणि दुभाजकाच्या टोकावर धडकली. कोणाला खरचटलंही नाही. बंपर, हेडलॅम्प, रेडिएटर, कंडेन्सर, बॉनेट सगळं गेलं. मी रात्रीच एजंटला फोन केला, तीन वर्षं पॉलिसी त्याच्याकडूनच घेतोय. तो म्हणाला, "दादा, टेन्शन घेऊ नका, इंटिमेशन मी टाकतो, तुम्ही फक्त गाडी टो करा." इंटिमेशन म्हणजे कंपनीला अपघात झाल्याचं कळवणं. टोइंगचे 4,200 भरले, पावती घेतली, आणि झोपलो. शांतपणे झोपलो, हे मुद्दाम सांगतोय.

दुसऱ्या दिवशी त्याने यूपीआयवर 2,500 मागितले, "सर्व्हेयरची फी." दिले! सर्व्हेयर कंपनी नेमते आणि त्याची फी कंपनीच देते, गाडीमालकाने एक रुपया द्यायचा नसतो, हे मला आज कळतं. त्याहून वाईट 12 जूनचं. मी विचारलं, क्लेम नंबर? तो म्हणाला, "सिस्टीम डाऊन आहे, दोन दिवसांत मेसेज येईल." इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. टोल फ्रीला किंवा ॲपवर इंटिमेशन पडली की क्लेम नंबर लगेच मिळतो. नंबर नाही म्हणजे इंटिमेशन नाही, इतकं सोपं आहे. पण मी त्याच दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो, ॲडव्हायझर म्हणाला, "पार्ट्सची ऑर्डर अडकेल, खोलून एस्टिमेट काढतो, इथे सही करा," आणि मी केली. सर्व्हे व्हायच्या आधी गाडी खोलायला परवानगी दिली, स्वतःच्या हाताने. कोणी म्हणेल मूर्खपणा. पण तीन वर्षं रिन्यूअल वेळेवर करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

20 जूनला मी स्वतः कंपनीला फोन केला. पलीकडून उत्तर, "या गाडीवर कोणताही क्लेम रजिस्टर नाही." अकरा दिवस! तिथल्या तिथे नोंदवला. सर्व्हेयर आला, खोललेली गाडी पाहून तोंड वाकडं केलं, पण रिपोर्ट दिला. 18 जुलैला पत्र आलं, क्लेम नामंजूर: अपघाताची लेखी सूचना तात्काळ दिली नाही, पॉलिसीच्या अट क्रमांक 1 चा भंग. बिल 1,46,800, ते मी खिशातून भरलं.

मग सुरू झाली वरात. टोल फ्रीवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि तीच गोष्ट पहिल्यापासून. पोलीस चौकीत स्टेशन डायरीला नोंद मागायला गेलो तर "कोणी जखमी नाही मग कशाला त्रास देता", तीन फेऱ्या मारल्या तेव्हा एक अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून दिला. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला 25 जुलैला सविस्तर ईमेल केला, उत्तर आलं ते 18 जुलैचंच पत्र, फक्त तारीख बदलून. विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाकलं तर तिथे तक्रार "क्लोज्ड", कारण काय तर कंपनीने उत्तर दिलं आहे. अरे, त्या उत्तराविरुद्धच तर तक्रार आहे! एजंट कंपनीचाच माणूस, तरी कंपनी म्हणते एजंटला सांगणं म्हणजे आम्हाला सांगणं नाही. मग कमिशन कशाचं देता त्याला?

शेवटी विमा लोकपालाकडे गेलो. फी नाही, वकील नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली हवी (त्यांनी नाकारलं, किंवा महिनाभर गप्प बसले तर पुढे जाता येतं) आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम धावू नका.

मी मांडलेलं मुख्य म्हणणं असं. आयआरडीएआयचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक सांगतं की फक्त उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, उशिराचं कारण बघावं. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: उशीर का झाला, आणि त्या उशिराने कंपनीचं काही बिघडलं नाही. कारणासाठी एजंटच्या चॅटचे स्क्रीनशॉट होते, 9 तारखेच्या रात्रीपासूनचे. बिघडलं काहीच नाही हे दाखवायला टोइंगची पावती, मोबाईलमधले मूळ फोटो (व्हॉट्सॲपवरून आलेले नव्हेत, गॅलरीतले, ज्यात वेळ दिसते), आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जुने पार्ट्स. वर्कशॉपच्या पोराने ते भंगारात दिले नव्हते, माझं नशीब. फुटलेल्या बंपरवर दुभाजकाचा काळा-पिवळा रंग घासून बसला होता, नखाने खरवडला तरी निघेना. सर्व्हेयरने त्याचा फोटो रिपोर्टला जोडला होता. त्या रिपोर्टची प्रत कंपनीकडे लेखी मागा, बहुतेक लोक मागतच नाहीत. माझ्या रिपोर्टमध्ये घसारा आणि 1,000 ची सक्तीची वजावट काढून 1,02,400 रुपये योग्य नुकसान लिहिलेलं होतं!

सुप्रीम कोर्टाचा 2020 चा गुरशिंदर सिंग निकालही जोडला. तो चोरीच्या केसमधला आहे, तिथे पोलिसांत एफआयआर लगेच झाली होती आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला होता. माझा अपघाताचा मामला, त्यामुळे हुबेहूब लागू होत नाही, पण दिशा दाखवायला चालला.

मग कंपनीने लोकपालासमोर नवीनच काढलं: चालकाचं लायसन्स ऑनलाइन दिसत नाही. मेहुण्याचं लायसन्स जुनं पुस्तकवालं, आरटीओने त्याची नोंद कॉम्प्युटरवर चढवलीच नव्हती. आरटीओतून त्याचा उतारा काढला. शिवाय 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नामंजुरीच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणून ते पत्र जपून ठेवा, त्यात काय आहे आणि काय नाही दोन्ही महत्त्वाचं. पण खरंच लायसन्स नसलेल्या माणसाने ठोकली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम वाचवणं फार अवघड, आणि वर्कशॉपवाला "फॉर्मवर चालक म्हणून तुमचंच नाव टाका" म्हणाला तर अजिबात टाकू नका, खोटी माहिती निघाली की पूर्ण क्लेम जातो. चालकाचा दोष आणि नुकसान यांचा संबंधच नसेल, म्हणजे गाडीला आपोआप आग लागली वगैरे, तेव्हा मात्र भांडायला जागा आहे, 2003 च्या जितेंद्र कुमार केसमध्ये कोर्टाने तेच धरलं होतं.

डिसेंबरमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली, वीस मिनिटं. आदेश आला: अटीचा भंग झाला हे खरं, पण क्लेम खरा आहे, म्हणून नॉन-स्टँडर्ड धरून 1,02,400 चे 75 टक्के, म्हणजे 76,800. म्हणजे 1,46,800 च्या बिलातले 70,000 माझ्या अंगावर. लोक म्हणतात जिंकलास. टोइंगचे 4,200, सुट्ट्या, आरटीओच्या फेऱ्या हे कोण मोजणार?

एजंटकडे 2,500 परत मागितले. दर वेळी म्हणतो, "दादा, सोमवारी टाकतो." परवा त्याचाच मेसेज आला, रिन्यूअलची तारीख जवळ आलीये म्हणून.