१२ जीबी रॅम, तरी रात्रीचा अलार्म येत नाही: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोनचा कॅमेरा, स्क्रीन, चार्जिंग याबद्दल माझी तक्रार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते नोटिफिकेशनबद्दल, कारण माझं काम त्यावरच चालतं आणि नेमकं तिथेच या फोनने मला दगा दिला.

तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपासच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाचे सेन्सर बसवायचे आणि त्यांची देखभाल करायची, हे माझं काम. सफरचंदाची खोली साधारण १ ते २ अंशांवर असते. ४ च्या वर गेली की सर्व्हरवरून माझ्या ॲपवर अलार्म येतो. जुना ४ जीबीचा फोन हे काम मुकाट्याने करत होता. नवा घेतला १२ जीबी रॅमचा, प्रोसेसर कितीतरी पटीने वेगवान. एका रात्री कंप्रेसर ट्रिप झाला आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, तापमान साडेपाच झालंय, तुम्हाला मेसेज नाही आला का?" नव्हता आला. व्हॉट्सॲपवरचे निरोप मात्र सगळे आलेले होते.

सकाळी सर्व्हरचा लॉग पाहिला. मेसेज वेळेवर गेला होता आणि गुगलच्या सेवेने तो स्वीकारलाही होता. म्हणजे चूक सर्व्हरची नाही, आणि व्हॉट्सॲप येत होतं म्हणजे नेटवर्कचीही नाही. मेसेज हरवला तो फोनमध्येच.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप सर्व्हरशी स्वतःचं कनेक्शन धरून बसत नाही. गुगल प्ले सर्व्हिसेस एकच कनेक्शन चालू ठेवते, सगळ्यांचे मेसेज त्यावर येतात आणि तिथून ज्या त्या ॲपला उठवून दिले जातात. त्यामुळे ॲप मेमरीत नसलं तरी नोटिफिकेशन यायला हवं. मेमरी खरोखर कमी पडली तर `lmkd` नावाची प्रक्रिया मागे पडलेली ॲप्स बंद करते, पण तसं बंद झालेलं ॲप मेसेज आला की पुन्हा सुरू होतं. माझ्या जुन्या फोनवर हे रोज होत असणार आणि मला कधी कळलंही नाही.

फोर्स स्टॉप मात्र वेगळा. सेटिंगमध्ये जाऊन आपण ॲप जबरदस्तीने थांबवतो तेव्हा अँड्रॉइड त्यावर 'थांबवलेलं' अशी खूण करून ठेवतो, त्याचे लावलेले अलार्म आणि ठरलेली कामंही रद्द करतो. ही व्यवस्था अँड्रॉइड ३.१ पासून आहे. खूण असेपर्यंत मेसेज फोनपर्यंत पोचतो, पण ॲपला दिला जात नाही. माणसाने स्वतः ॲप उघडेपर्यंत तसंच. नियम चांगला आहे, कारण वापरणाऱ्याने मुद्दाम थांबवलेलं ॲप परत आपोआप सुरू होऊ नये. पण काही कंपन्यांची बॅटरी वाचवणारी यंत्रणा हेच हत्यार आपल्या वतीने, आपल्याला न विचारता चालवते. कुठे अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून सरकवलं की, कुठे स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की.

माझ्या फोनवर तेच होतंय का, हे पाहायला ॲप उघडलं, स्क्रीन बंद केली, फोन टेबलावर ठेवून दिला. जेवण झाल्यावर कॉम्प्युटरला केबल लावून हे चालवलं (ॲपचं नाव बदललं आहे):

```
adb shell "dumpsys package com.example.coldroom | grep stopped="
adb shell dumpsys activity exit-info com.example.coldroom
```

पहिल्यात `stopped=true` आलं. दुसरी आज्ञा अँड्रॉइड ११ पासून चालते आणि ॲप का बंद झालं ते सांगते. मेमरी कमी पडली असती तर तिथे `LOW_MEMORY` दिसलं असतं. दिसलं `USER REQUESTED`. मी फोनला हातही लावला नव्हता. मला सगळ्यात जास्त राग याचा आला: बंद केलं फोनने आणि नोंद केली माझ्या नावावर. हीच परीक्षा जुन्या फोनवर घेतली, तिथे `stopped=false` आणि चाचणीचा मेसेज लगेच वाजला.

केबल लावायची नसेल तरी लक्षणांवरून बराच अंदाज येतो. फोन हातात घेऊन स्क्रीन लावली की अडकलेली नोटिफिकेशन्स एकदम धडाधड येत असतील, तर तो डोझ. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की साधे मेसेज मागे ठेवतो आणि मधूनमधून एकगठ्ठा सोडतो. यावर उपाय ॲप बनवणाऱ्याकडे असतो: तातडीचा मेसेज उच्च प्राधान्याने पाठवला की तो डोझमध्येही येतो. पण स्क्रीन लावूनही काही आलं नाही आणि ॲप उघडल्यावर त्याच्या आतल्या यादीत मात्र सगळ्या घटना दिसल्या, तर फोर्स स्टॉपचाच संशय घ्यावा. आमचा अलार्म आधीपासूनच उच्च प्राधान्याचा होता. फोर्स स्टॉपपुढे त्याचा काही उपयोग नाही.

मग १२ जीबी कशाला? खेळ आणि कॅमेरा चालवायला ती उपयोगी आहे, पण ॲप मारायचा हा निर्णय मेमरी मोजून घेतलेलाच नाही. तो बॅटरीसाठी आहे. नवा फोन घेतल्यावर पहिल्या आठवड्यात लोक बॅटरी किती टिकली तेच पाहतात, न आलेलं नोटिफिकेशन कुणाला दिसत नाही. व्हॉट्सॲपसारखी सगळ्यांकडची ॲप्स कंपन्या आपल्या सवलतीच्या यादीत घालतात, म्हणून बहुतेकांना शंकाही येत नाही. मार बसतो तो सोसायटीच्या गेटच्या ॲपला, शाळेच्या बसच्या ॲपला, माझ्या कोल्ड रूमच्या ॲपला. त्यातही अलार्मचं ॲप दुहेरी अडकतं. खोली व्यवस्थित चालू असेल तर ते महिनोन्महिने कुणी उघडत नाही, आणि जे उघडलं जात नाही ते बिनकामाचं, असा फोनचा हिशोब. अँड्रॉइड १२ पासून तर मूळ अँड्रॉइडही काही महिने न वापरलेलं ॲप झोपवून ठेवतो. तो पर्याय ॲपच्या माहितीच्या पानावर असतो, तोही बंद करायला हवा.

मी केलं ते असं: बॅटरीच्या सेटिंगमध्ये ॲप 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, कंपनीच्या वेगळ्या पानावरचं 'ऑटोस्टार्ट' चालू केलं, अलीकडच्या ॲप्समध्ये त्याला कुलूप लावलं. पहिला पर्याय एकट्याने पुरला नाही. तो मूळ अँड्रॉइडचा आहे, कंपनीची यंत्रणा त्याच्या शेजारी वेगळी चालते आणि तिला तो बांधील नाही. ऑटोस्टार्ट दिल्यावर फरक पडला, रात्रीचे चाचणीचे मेसेज यायला लागले. पुढे सिस्टिम अपडेट आला आणि ऑटोस्टार्ट पुन्हा बंद! सूचना नाही, काही नाही. चाचणी घेतली म्हणून कळलं. गाळ्यातल्या ज्या मालकांनी हाच फोन घेतलाय त्यांनी ही पानं कधी उघडलेलीही नाहीत, आणि त्यांनी ती का उघडावीत?

बॅटरीचं सांगायचं तर, या एका ॲपला मोकळीक दिल्यावर मला काही फरक जाणवला नाही. मागे पडलेलं ॲप मेमरीत नुसतं बसून राहिलं तर बॅटरी फारशी खात नाही. उलट दर वेळी शून्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं.

आता आमच्या सर्व्हरवर बदल करून घेतलाय. अलार्म ॲपमध्ये पाहिल्याची पोच ५ मिनिटांत आली नाही, तर सर्व्हर थेट फोन कॉल लावतो. कॉलला ही यंत्रणा अडवत नाही. रात्रीची ड्यूटी मी जुन्या ४ जीबीच्या फोनवरच ठेवली आहे.

नोटिफिकेशनवर ज्यांचं काम अवलंबून नाही त्यांनी हा फोन खुशाल घ्यावा. ज्यांचं आहे त्यांनी परत करायची मुदत संपायच्या आत आपलं कामाचं ॲप टाकून, स्क्रीन बंद करून, फोन रात्रभर ठेवावा आणि पहाटे दुसऱ्या कुणाकडून चाचणीचा मेसेज सोडून घ्यावा. पुढे प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा तेच.