एपिड्युरल, इंजेक्शन की गॅस: बाळंतकळांवरचे उपाय, घड्याळ समोर ठेवून

बाळंतपणातल्या वेदनाशमनाबद्दल विचारताना सगळे एकच प्रश्न विचारतात: सगळ्यात चांगलं काय? त्याआधी विचारावं की बाळ यायला अजून किती तास आहेत. प्रत्येक उपाय लागू पडायला वेगळा वेळ घेतो, वेगळा वेळ टिकतो आणि बाळापर्यंत वेगळ्या प्रमाणात पोहोचतो.

एक पहिलटकरीण घेऊ. रात्री ११ वाजता दाखल झाली, पिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलेलं, कळा दर पाच मिनिटांनी आणि दुखणं जास्त करून कमरेत. बाळ सकाळी ७ च्या आसपास होईल असा अंदाज.

११ ते १ ती औषधाविना निभावू शकते. फिरणं, कॉटला टेकून पुढे वाकणं, कमरेवर गरम पाण्याचा शेक, आणि कळ आली की माकडहाडाच्या वर कुणीतरी तळहाताने घट्ट दाबून धरणं. पूर्ण वेळ सोबत राहणारं माणूस मिळालं तर औषध मागणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी होतं, सिझरही थोडे कमी होतात. बाळाला यात काहीच धोका नाही. मर्यादा एकच, दुखणं जात नाही, ते सोसवतं.

याच सुमारास कधीकधी सलाईनमधून ड्रोटाव्हेरिनसारखं औषध दिलं जातं आणि नातेवाइकांना वाटतं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन झालं. ते पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून देतात. कळांचं दुखणं त्याने थांबेल ही अपेक्षा ठेवू नका.

रात्री १ वाजता ४ सेंटिमीटर झालं आणि ती म्हणाली, आता काहीतरी द्या. स्नायूत द्यायचं पेथिडीन किंवा ट्रामाडॉल हा स्वस्त पर्याय आहे, नर्स देऊ शकते, आणि वीसेक मिनिटांत लागू पडतो. दोन-तीन तास टिकतो. पण घेतलेल्या बऱ्याच जणी सांगतात की कळ तेवढीच दुखत होती, फक्त दोन कळांच्या मध्ये डोळा लागत होता. मळमळ आणि उलट्या होतात, म्हणून सोबत उलटीचं औषध देतात. हे औषध वारेतून बाळाकडे जातं. पेथिडीन दिल्यानंतर साधारण दोन ते चार तासांत जन्मलेल्या बाळावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो: बाळ सुस्त असतं, पहिला श्वास घ्यायला चालढकल करतं, छातीला नीट लागत नाही. त्यामुळे १ वाजता इंजेक्शन चालेल, कारण बाळ यायला सहा तास आहेत. पहाटे ५ वाजता, ८ सेंटिमीटर असताना, तेच इंजेक्शन चुकीच्या वेळी पडेल. त्या वेळी दिलंच, तर श्वासाचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन आणि बाळाला श्वास देणारा माणूस खोलीत हवा.

गॅसचं गणित याच्या उलट. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मं-निम्मं, मास्क बाईच्या स्वतःच्या हातात. शिखरावर नेमका परिणाम हवा असेल तर कळ जाणवताक्षणी खोल श्वास सुरू करायचा, दुखायला लागल्यावर घेतला तर परिणाम येईपर्यंत कळ ओसरते. मास्क काढला की दोन-चार मिनिटांत डोकं साफ. गरगरतं, मळमळतं, आणि दुखणं बोथट होतं एवढंच. बाळावर परिणाम होत असल्याचं दिसत नाही, म्हणून ९ सेंटिमीटरलाही घेता येतो. आपल्याकडे तो सगळीकडे नसतो, तेव्हा आधीच विचारून ठेवलेलं बरं.

दुखणं खरोखर घालवणारा उपाय मात्र एपिड्युरल. तो प्रत्यक्षात कसा देतात ते पाहू. बाईला कॉटच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर, हनुवटी छातीला, पाठ मांजरीसारखी गोल. कमरेच्या मणक्यांमधली जागा भूल देऊन बधिर करतात, मग जाड सुई, आणि सुईतून केसासारखी बारीक नळी आत ठेवून सुई काढून घेतात. मधेच कळ आली तर तसं बोलून सांगायचं, हलायचं नाही. आधी छोटा चाचणी-डोस देतात आणि विचारतात: कानात गुणगुणतंय? तोंडात धातूची चव येतेय? पाय एकदम जड झाले? हे प्रश्न गंभीर असतात, नळी रक्तवाहिनीत किंवा मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेली नाही ना, ते त्यांतून कळतं. बसवायला दहा-पंधरा मिनिटं, परिणामाला आणखी तेवढीच. स्पिरिटचा बोळा पोटावर गार लागला नाही, की औषध चढलं असं समजतात.

कधी एकच बाजू बधिर होते. मग नळी किंचित मागे ओढतात, कूस बदलतात, नाहीच जमलं तर पुन्हा घालतात. दहातल्या एखादीला पुरेसा आराम मिळत नाही, हे आधीच माहीत असावं. रक्तदाब उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येते, बाळाचे ठोके थोडा वेळ मंदावतात. डाव्या कुशीवर वळवून, सलाईन आणि औषध देऊन ते बहुतेक वेळा सावरतं. म्हणूनच ठोक्यांवर सतत नजर लागते. लघवीला नळी घालावी लागू शकते, अंगाला खाज सुटते, काहींना ताप येतो.

बाळाच्या बाजूने एपिड्युरल इंजेक्शनपेक्षा सरस आहे, कारण औषध आईच्या रक्तात फारच थोडं जातं. जन्मल्यावर बाळ जागं असतं.

दोन भीती घरोघरी ऐकू येतात. एक, कायमची कंबर धरते. सुईच्या जागी चार दिवस ठणका राहतो. त्यापुढची कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्यांनाही तेवढीच होते. दुसरी, सिझर करावं लागतं. ते प्रमाण वाढत नाही, आणि ४ सेंटिमीटर होईपर्यंत थांबवून ठेवण्याचाही फायदा नाही. जोर करण्याचा टप्पा लांबतो, हे मात्र खरं. जुन्या जास्त ताकदीच्या डोसांनी चिमटा-व्हॅक्यूम जास्त लागायचे. आजच्या पातळ डोसांत तो फरक जवळजवळ उरलेला नाही. उलट, सिझरची वेळ आलीच तर त्याच नळीतून औषध वाढवता येतं.

खरा त्रास म्हणजे डोकेदुखी. सुई चुकून आतल्या पडद्याला भोक पाडते तेव्हा, साधारण शंभरात एकीला. ओळखायची खूण सोपी: उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. दोन-तीन दिवसांत न उतरल्यास बाईचंच रक्त पाठीत सोडून ते भोक बुजवतात. बाळंतपणानंतर काही तास उलटूनही पायातली ताकद परत आली नाही तर लगेच कळवायचं. तिथे वाट पाहू नये.

आपल्या पहिलटकरणीने १ वाजता एपिड्युरल मागितली तर ते सर्वांत हिशेबी ठरेल असं माझं मत, एका अटीवर: भूलतज्ज्ञ तिथेच हवा. तो रात्री घरून यायचा असेल तर १ चे ३ होतात. ५ वाजता मागितली तरी उशीर झालेला नसतो, पहिल्या खेपेला ८ सेंटिमीटरनंतरही तास-दोन तास सहज जातात, फक्त तिला स्थिर बसता यायला हवं. दुसऱ्या खेपेच्या बाईला ८ सेंटिमीटरला मात्र सुई लागू पडेस्तोवर बाळ हातात असेल. तिला गॅसच बरा.

एपिड्युरल सगळ्यांना देता येत नाही. प्लेटलेट फार कमी असतील, सुईच्या जागी संसर्ग असेल किंवा रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर ती टाळतात वा पुढे ढकलतात. गर्भारपणात अशी इंजेक्शनं घेणाऱ्या बाईने भूलतज्ज्ञाला आठव्या महिन्यातच भेटावं, आणि कळा सुरू होताच पुढचा डोस न टोचता हॉस्पिटलला फोन करावा. रोजच्या छोट्या डोसानंतर बारा तास, मोठ्या डोसानंतर चोवीस तास सुईला हात लावत नाहीत.