आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी कॅप्शन: एकेक शब्द की थांबणारी ओळ?

रील एडिट करायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो. बोलणाऱ्याबरोबर एकेक शब्द उसळत येणारी कॅप्शन घ्यायची, की अर्थाचे तुकडे पाडून ओळी हाताने लावायच्या? मी दोन्ही पद्धतींनी कामं केली आहेत, त्यामुळे उसळत्या शब्दांना सरसकट नावं ठेवणार नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणी कॅमेऱ्याकडे बघून मिसळीबद्दल बोलतंय आणि फ्रेममध्ये चेहऱ्याशिवाय काही नाही, तिथे ती चांगली चालतात. पहिल्या क्षणी बोट थांबवतात, आणि बरंचसं काम सॉफ्टवेअरच करून देतं.

अडचण येते ती हातांनी काही करून दाखवणाऱ्या व्हिडिओत. आपल्याकडे द्राक्षबागेचे व्हिडिओ भरपूर बनतात, म्हणून ऑक्टोबर छाटणीचंच उदाहरण घेतो. दिंडोरीकडच्या एका बागेत काका कात्री हातात घेऊन सांगत होते, ‘काडीवर गाठ बघायची, गाठीच्या वर दोन डोळे ठेवायचे आणि मग काप घ्यायचा.’ डोळे म्हणजे काडीवर नवी फूट येते ते कोंब. वाक्यात बारा शब्द, चार सेकंद. म्हणजे एका शब्दाला सेकंदाचा तिसरा हिस्सा. ज्याला आवाज येतोय, त्याचे कान ऐकतात आणि डोळे कात्रीवर राहतात. आवाज बंद असणाऱ्याकडे मात्र दोन्ही कामांना डोळेच. शब्द दर क्षणाला हलतो, हलत्या गोष्टीकडे नजर आपोआप जाते, आणि नेमका त्याच वेळी काप होऊन जातो. वाक्य वाचून होतं, पण कुठे कापलं ते दिसलेलंच नसतं. माझा कल ठरला तो याच एका त्रासामुळे.

तेच वाक्य मी ओळींत असं लावलं. आधी ‘काडीवर गाठ बघा’, दोन सेकंद. मग ‘गाठीच्या वर दोन डोळे ठेवा’, अडीच सेकंद. इथे फ्रेम गोठवली आणि गाठीभोवती वर्तुळ, डोळ्यांवर १ आणि २ असे आकडे टाकले. मग ‘आता काप’, एक सेकंद, कात्री मिटायच्या आधी. प्रत्यक्ष काप होताना पडद्यावर अक्षर नाही. ते दोन सेकंद नजर फक्त पात्यावर. चार सेकंदांचा शॉट साडेसातवर गेला, पण निम्मं सांगणं वर्तुळ आणि आकडेच करतात, त्यामुळे मजकूर आपोआप कमी झाला.

वेळेचा माझा अंदाज साधा आहे: सेकंदाला दोन शब्द. बीबीसीच्या सबटायटल मार्गदर्शनात इंग्रजीसाठी मिनिटाला १६० ते १८० शब्द धरतात, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन. पण मराठीत ‘गाठीच्या’सारखे प्रत्यय चिकटलेले लांब शब्द, आणि पाहणारा बागेत उन्हात मोबाइल धरून उभा, तिथे तीन मला जास्तच वाटतात. तुमचा प्रेक्षक सरावलेला असेल तर थोडं घट्ट करून बघायला हरकत नाही. शॉट बदलायच्या दोनेक फ्रेम आधी मात्र ओळ काढून टाका. तीच ओळ पुढच्या शॉटवर राहिली, की नजर ती नवी समजून पुन्हा वाचायला लागते.

देवनागरीचीही एक बाजू आहे. अक्षरागणिक हलणाऱ्या काही तयार टेम्प्लेटमध्ये मात्रा व्यंजनापासून सुटते, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षराच्या जागी पायमोडकं अक्षर दिसतं. प्रीमियरमध्ये असं झालं तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` करा, बहुतेक वेळा सुटतं. ओळ दोनपदरी असेल तर मधली जागा सैल ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मजकूर तळाला चिकटवू नका, तिथे ॲप खात्याचं नाव आणि वर्णन दाखवतं. आणि कात्री, हात, घड यांवर तर नकोच.

ओळींच्या पद्धतीला वेळ लागतो, हे खरं. तासाभरात तीन रील द्यायच्या असतील तर ती परवडणार नाही. सुरुवातीचं बोलणं उसळत्या शब्दांत आणि कृती सुरू झाली की ओळी, अशी सांगडही बरी बसते. पण एकच निवडायची असेल आणि व्हिडिओत हात काम करत असतील, तर मी ओळींकडे झुकेन.

शंका असेल तर दोन्ही प्रती करा. शेती न करणाऱ्या दोघांना आवाज बंद करून एकेक दाखवा, आणि एवढंच विचारा: गाठीच्या वर किती डोळे ठेवले?