पालीची भीती: हळूहळू पायऱ्या की एकच लांब बैठक?

परभणीत पावसाळ्यात ट्यूबलाइटपाशी पाल असणारच. आमच्या वहिनी तेवढ्यासाठी रात्री पाणी प्यायलाही स्वयंपाकघरात जात नसत.

समुपदेशक बाईंनी दोन वाटा सांगितल्या. पहिली आठवड्यांची: आधी पालीचा फोटो, मग व्हिडिओ, मग झाकणबंद बरणीतली पाल दहा फुटांवरून, शेवटी भिंतीवरची हातभर अंतरावरून. भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ती बरीच उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. दुसरी वाट स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी 1989 मध्ये मांडली. पायऱ्या त्याच, पण जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत, उपचारकानं आधी स्वतः करून दाखवत. हे म्हणजे अंगावर पाल टाकणं नव्हे (आमच्या दादानं एकदा तो उद्योग केला, वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत).

अशा भीतीवर दोन्ही चालतात. मला बैठक आवडते, कारण मधल्या दिवसांत पळवाट सापडत नाही. पण तिला शिकलेला माणूस लागतो, म्हणून वहिनींनी पायऱ्या धरल्या.

तिसऱ्या आठवड्यात गाडं अडलं. बरणीसमोर उभ्या राहायच्या, पण हातात झाडू. गुण सत्तरवरून हलेनात. झाडू असेतोवर मन म्हणतं, वाचले ते झाडूमुळे. झाडू ठेवला, वीस-पंचवीस मिनिटांत आकडा तिशीवर.

पुढं माहेरी, औशाला, माळवदाच्या घरात पाल दिसली आणि पुन्हा साठ! जागा बदलली की भीती परतू शकते. मग तिथंही दोन संध्याकाळी त्याच पायऱ्या.