फायबर कनेक्शन, आठ महिन्यांनंतर: तक्रार करण्याआधी हॉटस्पॉट लावून बघा

सुदामानगरमधलं हे फायबर कनेक्शन, वेग कबूल केल्याप्रमाणे मिळतो, त्याबद्दल बोलायचं नाही. राग आहे तो कस्टमर केअरवर. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "एक बार राउटर रीस्टार्ट कर लीजिए." म्हणून बिघाड कंपनीचा की घरातला, हे फोन लावण्याआधीच ठरवून टाकलेलं बरं.

समजा, लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं दिसतंय, पण पान उघडत नाही. आधी मोबाईल त्याच वायफायवर घ्या आणि त्याचा मोबाईल डेटा बंद करा. हे विसरलं की फोन गुपचूप सिमवर जातो आणि वायफाय ठणठणीत असल्याचा भास होतो. मोबाईलवरही नेट नसेल, तर दोष एकट्या लॅपटॉपचा नाही.

मग त्याच मोबाईलचा डेटा चालू करून हॉटस्पॉट लावा, पण फोनचं वायफाय आधी बंद करा. हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं. बरेच अँड्रॉइड फोन घरचंच वायफाय हॉटस्पॉटमधून पुढे देतात, म्हणजे चाचणी केली आणि तपासलं तेच बंद पडलेलं कनेक्शन! सिमही शक्यतो दुसऱ्या कंपनीचं असावं, नाहीतर दोन्ही एकदम बसलेले असू शकतात. विंडोजमध्ये या हॉटस्पॉटला 'मीटर्ड' करा, नाहीतर अपडेट दिवसभराचा डेटा खाऊन टाकतात.

हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालला, तर लॅपटॉप ठीक. आता परत घरच्या वायफायवर येऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा (राउटरचा पत्ता खालच्या चिकटपट्टीवर असतो, वेगळा असेल तर तो घाला):

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिल्यालाच उत्तर नाही, तर वायफाय किंवा राउटर बघा. पहिला चालतो, दुसरा नाही, तर अडचण राउटरच्या पुढे. पहिले दोन चालतात आणि फक्त तिसरा अडतो, तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा; लॅपटॉपमध्ये डीएनएस 8.8.8.8 घातला की बहुधा काम होतं, फोन करायची गरजच नाही.

अडचण राउटरच्या पुढे असेल, तर डब्यावरचा एलओएसचा दिवा बघा. तो लाल असेल, तर प्रकाशच पोचत नाहीये. टीव्हीच्या कपाटामागे पातळ फायबर दुमडली तरी हेच होतं, तेव्हा आधी ती मोकळी करा. टोक उपसून डोळ्यांसमोर धरू नका. शेजारी याच कंपनीचं नेट चालू असेल, तर खराबी तुमच्याच तारेत असण्याची शक्यता जास्त. त्यांचंही बंद असेल, तर भागातलीच लाइन गेली समजा. एलओएस विझलेला, कंपनीशी जोडणी दाखवणारा पॉनचा दिवा स्थिर हिरवा आणि तरी 8.8.8.8 बंद, तर तार बरी असून गडबड लॉगिनची, प्लॅनची किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्याची. प्लॅन संपलाय का, ते हॉटस्पॉटवरून कंपनीच्या ॲपमध्येच बघून घ्या.

आधी या सेवेला दोन तारे दिले होते, आता तीन करतोय. "एलओएस लाल आहे, शेजारी नेट चालू आहे" एवढं पहिल्या वाक्यात सांगितलं की रीस्टार्टचा पाढा न म्हणता थेट लाइनमन पाठवतात. चौथा तारा मात्र नाही: बसवणाऱ्यानं डबा कपाटामागे अशा जागी ठोकलाय, की तो लाल दिवा बघायला दर वेळी टीव्ही सरकवावा लागतो.