गोव्यातल्या बागात ‘अनलिमिटेड’ दारूच्या नावाखाली चौघांचे १७,००० रुपये गेले

आमचं बजेट माणशी ६,००० होतं. त्यात म्हापशाजवळची स्वस्त खोली, स्कूटर, एकच रात्र क्लब आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पणजीत फोंताइन्यासची पायी भटकंती. ती सकाळ चौकीच्या बाकावर गेली.

बागाच्या गल्लीत एक पोरगा चिकटला. “दादा, नुसत्या पोरांची स्टॅग एन्ट्री दोन हजार आहे, मी पंधराशेत देतो. दीडपर्यंत अनलिमिटेड.” अस्सल कोल्हापुरी मराठी, म्हणूनच थांबलो. रस्त्यावरच त्यानं क्यूआर कोड पुढे केला, आम्ही ६,००० भरले, त्यानं मनगटांवर पिवळे पट्टे बांधले.

स्कॅन केल्यावर स्क्रीनवर क्लबचं नाव आलंच नाही, कुण्या बाईचं नाव आलं. मी ते वाचलं, विचारलंसुद्धा. “मालकिणीचं खातं आहे,” म्हणाला. मागे गर्दी, मित्रांची घाई, त्यात दारावरच्या बाउन्सरनं तेच पट्टे बघून आत सोडलं. कुणाला संशय येणार? आजही ते नाव डोळ्यांसमोरून जात नाही.

आत सोफ्यावर बसवलं. मेनूकार्ड मागितलं तर “सगळं पॅकेजमध्ये आहे सर.” साडेबाराला हातानं लिहिलेली चिठ्ठी आली: टेबल मिनिमम १०,०००, ड्रिंक्स ३,२००, सर्व्हिस चार्ज १,३२०, एकूण १४,५२०. पॅकेज म्हणे फक्त मागच्या काउंटरवर आणि अकरापर्यंत! आम्ही आत शिरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना क्लबचं नाव. छापील बिल मागितलं तेव्हा टेबलाभोवती तीन बाउन्सर उभे राहिले. घासाघीस करून ११,००० देऊन सुटलो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो हे मला पाठ होतं, पण तिथे कायदा कुणाला सांगणार?

चौकीत हवालदार म्हणाले, “पिऊन गेला होता ना? पैसे तुम्हीच दिले, जबरदस्ती कुठे झाली?” रस्त्यावर असं गिऱ्हाईक गाठणं, म्हणजे टाऊटगिरी, गोव्यात गुन्हा आहे, २००१ पासून त्याचा कायदा आहे, तरी पोरग्याचं वर्णनसुद्धा लिहून घेतलं नाही. अर्ज घ्यायलाच दोन तास. वर सल्ला, ग्राहक आयोगात जा. ती तक्रार आपल्या शहरात, पुण्यातही करता येते, पण तारखांना हेलपाटे कोण घालणार, हे त्यांनाही ठाऊक असतं! बँकेचं उत्तर तर ठरलेलंच: पिन तुम्हीच टाकलात.

रस्त्यावर पट्टा बांधून घेऊ नका, पैसे क्लबच्या काउंटरवरच द्या. नाव जुळलं नाही तर पिन टाकूच नका, मागची रांग गेली खड्ड्यात. आणि हो, बसण्याआधी ‘टेबलाचे पैसे वेगळे द्यावे लागतात का?’ हे विचारून उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. बाउन्सर अंगावर आले तर वाद न घालता बाहेर पडून तिथूनच ११२ लावा. सकाळी गेलात की ‘पिऊन गेला होता ना’ ऐकावं लागतं. चिठ्ठीचा फोटो मात्र आतच काढा, पैसे दिल्यावर ती परत मागून घेतात. आमची घेतली.